पावसाळी चपला-बूट घ्यायचेत? आधी पाण्याची बाटली भरा

दुकानात जायला निघताना पिशवीत पाण्याची बाटली टाका. पिण्यासाठी नाही, दुकानाच्या फरशीवर ओतण्यासाठी. बाकीची यादी पुढे आहेच, पण वाचायचा कंटाळा आला तर एवढी बाटली तरी न्या. गेल्या वर्षी मी सगळं बघून घेतलं होतं: माप, रंग, पट्टा, तळाच्या खोल-खोल खाचा. फक्त सोल ओला करून बघितला नाही. जूनच्या पहिल्याच सरीत स्टेशनच्या जिन्यावर, भर गर्दीत, चार पायऱ्या बसून उतरले.

वेळ आधी सांगते. मुंबईत पाऊस येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. म्हणजे खरेदी मेच्या मध्यावर उरकायला हवी, कारण नवीन पावसाळी चप्पल आधी चावते आणि ते चावून घ्यायचं काम कोरड्या दिवसांतच झालेलं बरं. पाणी साचलेल्या रस्त्यातून जखमी टाचेने जाणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण. उंदीर, कुत्री आणि गुरं यांच्या लघवीतले जंतू असल्याच भेगांतून आणि खरचटलेल्या जागेतून आत शिरतात. त्यामुळे चावणारी चप्पल ही पावसाळ्यात नुसती कटकट राहत नाही.

आता आधी आपला रस्ता आठवा. डोंबिवलीहून परळला जाणाऱ्या बाईचं उदाहरण घेऊ. घरापासून रिक्षापर्यंत पेव्हर ब्लॉक, त्यावर शेवाळ. रिक्षातून उतरल्यावर चिखल. मग स्टेशनचा जिना, पूल, फलाटाच्या कडेची उंच ठिपक्यांची पिवळी फरशी, डब्याच्या दारातली ओली जमीन, पुन्हा पूल, शेवटी ऑफिसच्या इमारतीतली चकचकीत ग्रॅनाइटची लॉबी. यात डांबरी रस्ता किती आला? जेमतेम. आणि डांबर खरखरीत असतं, त्यावर बहुतेक काहीही चालतं. पाय सटकतो तो गुळगुळीत आणि ओल्या जागी: फरशी, ग्रॅनाइट, गटाराचं लोखंडी झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग. म्हणून ‘रस्त्यावर मस्त ग्रिप आहे मॅडम’ हे वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं करा.

खोल खाचा बघून भुलू नका. त्या चिखलासाठी चांगल्या. ओल्या फरशीवर सोल आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा येतो आणि तो पिळून बाहेर काढता आला तरच पकड मिळते. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, सोल मऊ हवा, म्हणजे तो फरशीच्या बारीक खडबडीतपणात दबून बसतो. दोन, खाचा सोलच्या कडेपर्यंत उघड्या हव्यात, म्हणजे पाण्याला पळायला वाट मिळते. काही सोलांवर बंद गोल किंवा चौकोनी खळगे असतात. दिसतात छान, पण पाणी त्यांत अडकून बसतं. आणि कडक प्लास्टिकच्या चार जाड गुट्ट्यांवर उभी असलेली चप्पल म्हणजे फरशीला टेकणारा भाग थोडा आणि तोही टणक. माझी तशीच होती.

मऊपणा बघायला अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबा. चांगल्या रबरात ते थोडं रुततं आणि खूण लगेच भरून येते. पीव्हीसीत नख सहसा रुतत नाही, नुसतं घसरतं. ईवा, म्हणजे त्या हलक्या फुगीर क्लॉगचा माल, नखाने दबतो पण खूण बराच वेळ राहते. दुकानात ‘टीपीआर’ म्हणून मिळतो तो सोल बरा निघू शकतो आणि वाईटही, कारण त्यात कडक-मऊ असे बरेच प्रकार येतात. नखाने निम्मी निवड होते. उरलेली निम्मी पाण्याने. म्हणून पुन्हा: पाणी ओता.

कसं ओतायचं ते नीट सांगते, कारण हेच लोक लाजून टाळतात. दुकानात दाराजवळ गुळगुळीत फरशी असतेच. चप्पल घाला, दुकानदाराला सांगून वाटीभर पाणी जमिनीवर पसरा आणि एका हाताने काउंटर घट्ट धरा. काउंटर खरंच धरा. मग जिना उतरताना पडतं तसं पाऊल टाका, आधी टाचेची मागची कड. तिच्यावर वजन देऊन पाय हळूच पुढे ढकला. सोल अडखळला, चुर्र आवाज आला तर ठीक. लोण्यासारखा पुढे गेला तर चप्पल काढून परत द्या, कितीही सुंदर असो. दोन्ही पायांनी करा. पाणी फडक्याने पुसून द्या, म्हणजे दुकानदारही कुरकुरत नाही. त्याने अजिबातच नकार दिला तर रुमाल ओला करून सोलला पाणी लावा, चप्पल हाताने फरशीवर दाबा आणि ओढून बघा. तेवढ्यानेही कडक आणि मऊ यांतला फरक हाताला कळतो. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरच्या स्वयंपाकघरात हीच चाचणी. बाथरूममध्ये नको, तिथे साबणाचा अंश असतो आणि काहीही घसरतं.

कोरी चप्पल थोडी जास्त घसरते, हे खरं आहे. साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा तुकतुकीतपणा सोलवर राहतो. तो भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने घासला की जातो. पण ‘वापरून वापरून ग्रिप येईल’ असं सांगून कोणी कडक पीव्हीसी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. घासून चकाकी जाते, पण कडकपणा काही जात नाही.

दुसरी बाजू वाळण्याची. इथे उन्हाचा हिशेब करू नका, जुलैत ऊन नाहीच. घरातली हवा आधीच इतकी दमट असते की बुटातलं पाणी घ्यायला तिला सवड नसते. त्यामुळे बूट किती लवकर वाळतो यापेक्षा तो मुळात किती पाणी पितो हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा बूट ठेवा. मग पाच मिनिटं बादलीत बुडवा, निथळू द्या आणि परत वजन करा. समजा तीनशे ग्रॅमचा साडेचारशे झाला. म्हणजे एका पायात दीडशे ग्रॅम पाणी, दोन्ही मिळून जवळजवळ दीड पेला, रात्रभरात उडायला हवं. ते उडत नाही. सकाळी तोच गारगार ओला बूट, आणि आठवड्याने बोटांच्या बेचक्यात खाज.

हे पाणी बसतं कुठे, तर जाळीखालच्या स्पंजात, पट्ट्याच्या आतल्या फोममध्ये, चिकटवलेल्या कापडी आतल्या सोलमध्ये. स्पोर्ट्स शूज म्हणूनच बाद, त्यांची जाळी वाळते पण आतला फोम वाळत नाही. कातडं तर बोलायलाच नको. जेली बेली पाणी अजिबात पीत नाही, फडक्याने पुसली की झाली कोरडी, पण तिचा सोल बहुतेक वेळा कडक असतो आणि ओला पाय आतल्या आत सरकतो. क्लॉगचंही वाळणं उत्तम, पण पकडीचा भरवसा नाही आणि सोल भराभर झिजतो. आपल्या डोंबिवली-परळवालीसाठी माझं मत रबरी सोलच्या फ्लोटरला. पट्टा बॅगेच्या पट्ट्यासारखा पातळ, सपाट विणीचा हवा. बोटांत धरून दाबा, आत गुबगुबीत लागलं तर फोम आहे, सोडून द्या. पाय टेकतो तो भाग रबराचा किंवा ईवाचा आणि थोडा खरखरीत, कापडी नाही. आणि तरीही, फ्लोटर आहे म्हणून पाणी ओतायचं टाळू नका. कडक सोलचे फ्लोटरही ढिगाने मिळतात.

मागचा पट्टा हवाच. गर्दीत मागच्याचा पाय टाचेवर पडतो आणि चप्पल फलाट आणि गाडीच्या फटीत जाते. शिवाय टाच फटफटली की कुर्त्याच्या पाठीवर चिखलाची नक्षी उठते, हवाई चपलेचं रबर चांगलं असूनही ती नको म्हणते ती यासाठीच. वेल्क्रो घेतलात तर त्यातला चिखल आणि दोरे जुन्या टूथब्रशने काढत राहावं लागेल. बक्कल प्लास्टिकचं बरं, लोखंडी गंजतं.

गमबूट? पाणी काठावरून आत शिरलं की बादली. ऑफिसला नको.

मागच्या वर्षीची जोडी चालेल का, हा प्रश्न येणारच. टाचेखाली बघा. रिमोटच्या बारीक सेलच्या बुडापेक्षा मोठा गुळगुळीत डाग पडला असेल तर ती पावसाळ्यासाठी संपली. पीयूचा सोल असेल तर तो दोन्ही हातांनी वाकवून बघा. दमट हवेत पीयू नुसतं कपाटात पडून पडूनही कुजतं, आणि वरून धड दिसणारा सोल पुलाच्या मध्यावर बिस्किटासारखा चुरा होतो. भेगा किंवा चिकटपणा दिसला तर टाका. आणि डाग नाही, भेगा नाहीत, सगळं ठीक, तरी ओल्या फरशीवर एकदा उभ्या राहा. रबरही जुनं झालं की कडक होतं.

उरलेलं पटकन. दोन जोड्या ठेवा, आलटून पालटून घाला. घरी आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवा, बूट असेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आडवा करून पंख्यासमोर ठेवा. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका, डिंक सुटतो. ऑफिसच्या खणात एक कोरडी चप्पल आणि छोटा टॉवेल. साचलेल्या पाण्यातून यावं लागलं तर पाय साबणाने धुवा आणि डॉक्टरांना विचारून लेप्टोची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत घ्या, ताप यायची वाट बघू नका.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. रंग कुठलाही चालेल. बाटली भरलीत ना?