पहिलं घरखर्चाचं अंदाजपत्रक: बसण्याआधीची तयारी

कागद-पेन घेण्याआधी मागच्या 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण त्यात जूनमधली शाळेची खरेदी, विम्याचा हप्ता आणि दिवाळी एकत्र सापडत नाहीत. यूपीआयच्या नोंदींत नुसती नावंच दिसतात, त्यामुळे कोणता खर्च कशाचा होता हे दोघांनी एकत्र बसून आठवावं.

आता प्रत्येक नोंदीला आधी विचारा, हा खर्च दर महिन्याला येतो का? येत असेल आणि रक्कमही तीच असेल, तर तो ठरलेला: घरभाडं, कर्जाचा हप्ता, मावशींचा पगार, दुधाचा रतीब. दर महिन्याला येतो पण रक्कम हलते, तो बदलता: किराणा, भाजी, पेट्रोल, वीजबिल. विजेसाठी एप्रिल-मेचा आकडा धरा, हिवाळ्यातला नको. किराण्याची सरासरी काढताना दिवाळीचा महिना बाजूला ठेवा, नाहीतर फराळाचं तूप-बेसन वर्षभराच्या किराण्यात मिसळतं आणि तो आकडा उगाच फुगतो.

उरलेले सगळे प्रासंगिक. विम्याचा वार्षिक हप्ता ठरलेला असतो म्हणून बरेच जण तो पहिल्या रकान्यात टाकतात, पण दर महिन्याच्या हिशेबात तो दिसत नाही आणि नेमका त्याच्याच महिन्यात ओढाताण होते. त्याची जागा इथेच. या रकान्यात रकमेपुढे महिना लिहायलाच हवा.

समजा जूनमध्ये शाळेचे 9,000, जुलैत विम्याचे 12,000, नोव्हेंबरात दिवाळीचे मावशींच्या बोनससकट 16,000, डिसेंबरात दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंगचे 4,000, फेब्रुवारीत लग्नांच्या आहेराचे 7,000. बेरीज 48,000, म्हणजे महिन्याला 4,000. एप्रिलपासून दर महिन्याच्या सुरुवातीला तेवढे बाजूला टाकले, तर जूनपर्यंत 12,000 जमतात आणि शाळा निघून जाते. पण जुलैत हातात 7,000 असतात आणि हप्ता 12,000चा! वर्षाची सरासरी बरोबर असूनही 5,000 कमी पडले. म्हणून सुरुवातीलाच 5,000 वेगळे टाकून ठेवावे लागतात. तेवढे टाकले की नोव्हेंबरात बरोबर 16,000 शिल्लक राहतात. मात्र दिवाळी ऑक्टोबरात आली तर पुन्हा 4,000ची खोट येते, तेव्हा यादी करताना कॅलेंडर शेजारी असू द्या.

हे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नका. दुसरं बचत खातं घ्या आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी 4,000 आपोआप तिकडे वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. नातेवाईकाचं अचानक आजारपण किंवा बंद पडलेला फ्रिज मात्र या रकमेतून भागवू नये. त्याची तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते, त्यासाठी आणीबाणीची गंगाजळी वेगळी हवी.