‘हू कॉल्ड यू?’ की ‘हू डिड यू कॉल?’ : इंग्रजी प्रश्नात ‘डिड’ कधी घालायचं

सीबीएसजवळ एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काम करणारा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतो. मागच्या आठवड्यात एक परदेशी बाई त्याच्याकडे आल्या. गाडीला उशीर होईल असा त्यांना फोन आला होता, पण गाडी काही येईना. याला विचारायचं होतं, ‘तुम्हाला कोणी फोन केला?’ तो म्हणाला, ‘हू डिड यू कॉल?’ बाईंनी सरळ उत्तर दिलं, ‘द हॉटेल.’ मग हा दहा मिनिटं हॉटेलवाल्यांशी हुज्जत घालत बसला. बाईंना फोन केला होता ड्रायव्हरने. हॉटेलला फोन बाईंनी स्वतः केला होता, आणि याने नेमकं तेच विचारलं होतं.

मराठीत ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत बोलताना दोन्हींसाठी ‘हू’च येतं, त्यामुळे कोणी केलं आणि कोणाला केलं हा फरक शब्दांच्या जागेवरूनच कळतो.

म्हणून आधी प्रश्न जुळवू नका. अपेक्षित उत्तर इंग्रजीत लिहा आणि जे माहीत नाही त्याखाली रेघ मारा. वरच्या प्रसंगात उत्तर येतं, ‘द ड्रायव्हर कॉल्ड मी.’ रेघ ‘द ड्रायव्हर’खाली, म्हणजे क्रियापदाच्या आधी, कर्त्याच्या जागी. अशा वेळी तेवढाच भाग काढून तिथे ‘हू’ ठेवायचं, ‘मी’चं ‘यू’ करायचं. ‘हू कॉल्ड यू?’ झाला प्रश्न. ‘डिड’ लागत नाही, कारण कर्त्याच्या जागी प्रश्नशब्दच बसलाय. काही हलवायचं उरलंच नाही.

आता दुसरं उत्तर घ्या, ‘आय कॉल्ड द हॉटेल.’ इथे रेघ क्रियापदाच्या नंतर. ‘हू’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यायचं आणि कर्त्याच्या आधी एक सहायक क्रियापद आणायचं. वाक्यात ‘विल’, ‘कॅन’, ‘इज’ असं काही आधीच असेल तर तेच पुढे येतं: ‘द बस विल स्टॉप ॲट नाशिक रोड’वरून ‘व्हेअर विल द बस स्टॉप?’ तसं काही नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावं लागतं, आणि ते क्रियापदाचा काळ स्वतःकडे घेतं. म्हणून ‘कॉल्ड’चं ‘कॉल’ होतं: ‘हू डिड यू कॉल?’ ‘लीव्ज’मधला ‘ज’ही ‘डज’मध्ये जातो: ‘व्हेन डज द बस लीव्ह?’ ‘डज द बस लीव्ज’ कानावर आलं की समजावं, काळ दोनदा लागलाय.

‘विच’ किंवा ‘हाउ मेनी’ला नाम जोडलं तर तो अख्खा तुकडा एकच समजायचा. ‘विच बस गोज टू त्र्यंबकेश्वर?’ यात बसच जाते, म्हणून ‘डज’ नाही. ‘विच बस डिड यू टेक?’ यात बस धरणारे तुम्ही, म्हणून ‘डिड’ आलं.

इथवर मुलं पटकन येतात आणि मग स्वतःच एक नियम बनवतात: मराठीत ‘कोणाला’ आलं की ‘डिड’ घालायचं. बऱ्याचदा जमतंही, पण ‘द्राक्षं कोणाला आवडतात?’ला नियम आपटतो. इंग्रजी उत्तर येतं, ‘रवी लाइक्स ग्रेप्स.’ रवी क्रियापदाच्या आधी आहे, म्हणून प्रश्न ‘हू लाइक्स ग्रेप्स?’ ‘कोणाला माहीत आहे?’ म्हणजेही नुसतं ‘हू नोज?’ उलट, ‘रामकुंडावर तुला कोण भेटलं?’ यात मराठीत ‘कोण’ कर्ता आहे. पण इंग्रजी उत्तर ‘आय मेट माय आंट’, म्हणून प्रश्न होतो ‘हू डिड यू मीट?’ मराठी प्रत्यय पाहून ठरवू नका, असं मी सांगतो ते यामुळेच. रेघ इंग्रजी वाक्यातच मारायची.

उत्तरात चार नावं येणार हे माहीत असलं तरी, ‘हू’ कर्त्याच्या जागी असताना साध्या वर्तमानकाळात क्रियापद सहसा एकवचनीच राहतं: ‘हू लिव्ज हिअर?’

नकार आला की मात्र कर्त्याच्या प्रश्नातही ‘डिड’ परत येतं. ‘नॉट’ला टेकायला सहायक क्रियापद लागतंच, म्हणून ‘हू डिडन्ट कम?’ बरोबर आहे. ‘हू डिड कम?’ हेही चूक नाही; पण ते ‘बरं, मग आलं तरी कोण?’ असा जोर द्यायचा असेल तेव्हाच. आमच्या ट्रॅव्हल्सवाल्याने परवा एका पाहुण्याला सहज ‘हू डिड बुक द टॅक्सी?’ विचारलं, तर त्याला वाटलं, आपल्यावर संशय घेतायत.