नव्या वीजजोडणीला उशीर झालाय? तक्रारपत्रातल्या या चुका टाळा

आमच्या गावात पोस्टाच्या कामापासून वारस नोंदीपर्यंत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्या ओसरीवर येतो. नवीन घर बांधलं, वीज कंपनीकडे अर्ज केला, पैसे भरले, मुदत उलटली तरी मीटर नाही, ही तक्रार त्यात दर दोन-तीन महिन्यांनी असतेच. आधी स्वतः लिहिलेलं पत्र सोबत आणतात आणि म्हणतात, "काका, एवढं खरमरीत लिहिलं तरी ढिम्म हलत नाहीत." पत्र खरमरीत असतं खरं. त्यात चूक असते ती तारखेची.

मुदत अर्जाच्या दिवसापासून मोजणं

दहांतल्या आठ पत्रांची सुरुवात "मी अमुक तारखेला अर्ज केला, आज इतके दिवस झाले" अशी असते, आणि तिथेच कंपनीच्या हाती कोलीत मिळतं. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये अर्जाची व्याख्या दिली आहे. सर्व बाबींत परिपूर्ण असलेला अर्ज, सोबत आवश्यक शुल्क भरल्याची कागदपत्रं आणि बाकीच्या पूर्तता, हे सगळं जमलं की तो कायद्याच्या लेखी 'अर्ज'. तुम्ही ए-१ फॉर्म भरून पोचपावती घेतलीत तो दिवस तुमच्या लेखी पहिला असेल. कंपनी मोजायला लागते शेवटचा कागद पोचला त्या दिवसापासून.

माझ्या मावसभावाची २०२५ मधली गोष्ट सांगतो. गावाच्या कडेला त्यानं दोन खोल्या बांधल्या. ४ फेब्रुवारीला अर्ज केला. आठवड्याभरात कनिष्ठ अभियंता जागा बघून गेला आणि त्रुटी निघाली: घर नमुना ८ ला वडिलांच्या नावावर, बाकीच्या भावंडांची संमती जोडलेली नाही. संमतीपत्र द्यायला २ मार्च उजाडला, कारण एक बहीण सुरतेला असते. ९ मार्चला डिमांड नोट आली, १२ तारखेला त्यानं ती भरली. घरातल्या वायरिंगचा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मात्र २० मार्चला दिला, कारण ठेकेदार यात्रेला गेला होता.

१० एप्रिलला त्यानं मला न विचारता पत्र ठोकलं. "अर्ज करून ६५ दिवस झाले, नियमानं १५ दिवसांत जोडणी द्यायची असते, आपले कर्मचारी पैशासाठी अडवणूक करत आहेत." २४ एप्रिलला उत्तर आलं, जेमतेम तीन ओळींचं: अर्ज २० मार्चला परिपूर्ण झाला, ६५ दिवसांच्या विलंबाचा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही, काम प्रगतीपथावर आहे. विषय संपला. गंमत अशी की १० एप्रिललाही कंपनीची मुदत टळलेलीच होती. २० मार्चपासून १५ दिवस म्हणजे ४ एप्रिल. सहा दिवसांचा उशीर होता आणि तो त्यांना नाकारता आला नसता. पण यानं ६५ लिहिले आणि त्यांनी ६५ खोडले. सहा कुणी विचारलेच नाहीत, त्यामुळे त्यांनी सांगितलेही नाहीत.

आता कुठल्या भागात किती दिवस, ते. केंद्र सरकारनं २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातली मुदत कमी केली. महानगरांत जास्तीत जास्त ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ३० दिवस ठेवले आहेत. अजून पुष्कळ जण जुने ७, १५, ३० हेच आकडे लिहितात. म्हणजे कंपनीला स्वतःच्या हातानं जादा दिवस बहाल करतात.

मी काय करतो? पत्राला हात घालण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारखांची उतरंड मांडतो: अर्ज, पाहणी, त्रुटी, पूर्तता, डिमांड नोट, भरणा, टेस्ट रिपोर्ट. प्रत्येक तारखेपुढे पुरावा कुठला, तेही लिहितो. पावती, मोबाइलवरचा संदेश, शिक्का मारलेली प्रत. जिच्यापुढे पुरावा नाही ती तारीख पत्रात घेत नाही, मग ती कितीही खरी असो. या कामाला अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसलेले लोक पुढे सहा महिने हेलपाटे घालतात.

"लाईन ओढावी लागेल" हे तोंडी ऐकून घरी येणं

ही माझी दुसरी दुखरी नस. माणूस सेक्शन ऑफिसला जातो, खिडकीतून कुणीतरी सांगतं, "पोल टाकावा लागेल, डीपीवर लोड आहे, वेळ लागणार." माणूस मान हलवून परत येतो आणि चार महिने वाट बघतो.

हे कारण खरं असेल तर ते वजनदार आहे, म्हणूनच ते तोंडी स्वीकारायचं नाही. कलम ४३ मध्येच सूट आहे: वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवं उपकेंद्र लागत असेल तर ते काम झाल्यावर लगेच, किंवा राज्य वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या मुदतीत जोडणी द्यायची. म्हणजे एका वाक्यानं तुमचे १५ दिवस हवेत जातात. तेव्हा ते वाक्य कागदावर आलं पाहिजे. कारण कागदावर आलं की पुढचे प्रश्न विचारता येतात: पाहणी अहवालात तशी नोंद आहे का, अंदाजपत्रक कुठल्या तारखेला मंजूर झालं, काम कुणाला दिलं?

'मीटर शिल्लक नाहीत' हे दुसरं ठरलेलं उत्तर. ही सबब त्या कलमातल्या सवलतीत बसत नाही. पण वाद घालायला जाऊ नका, तेही लेखीच मागा. दोन्ही कारणं लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकदा निम्मा अडथळा तिथेच विरघळतो, असा माझा अनुभव.

मावसभावालाही तेच सांगितलं होतं, पोल लागेल म्हणून. घरापासून पोल हाकेच्या अंतरावर! २५ एप्रिलला आम्ही दुसरं पत्र दिलं, पत्ता उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांचा आणि प्रत शाखा कार्यालयाला. मजकूर जवळजवळ असा होता:

"विषय: घरगुती नवीन वीजजोडणी, अर्ज क्रमांक अमुक, विहित मुदत उलटूनही प्रलंबित.

महोदय, वरील अर्जाची सर्व पूर्तता २० मार्च रोजी झाल्याचे आपण २४ एप्रिलच्या पत्रात मान्य केले आहे. ग्रामीण भागासाठीची १५ दिवसांची मुदत ४ एप्रिल रोजी संपली. आज २१ दिवसांचा विलंब आहे. या जोडणीसाठी वाहिनी वाढवणे आवश्यक आहे काय? असल्यास पाहणी अहवालाची व अंदाजपत्रक मंजुरीची तारीख कळवावी. नसल्यास जोडणीची निश्चित तारीख सात दिवसांत लेखी द्यावी. राज्य वीज नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांनुसार देय भरपाईचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. सोबत: अर्जाची पोच, डिमांड नोटची पावती, टेस्ट रिपोर्टची प्रत, आपले पत्र."

एवढंच. त्यांनीच दिलेली तारीख त्यांच्यापुढे ठेवली आणि एक हो-नाहीचा प्रश्न विचारला. चौथ्या दिवशी लाईनमन येऊन अंतर मोजून गेला. पोल लागणार नव्हता.

दंडाची धमकी

"दिवसाला हजार रुपये दंड वसूल करीन," हे वाक्य हल्ली मोबाइलवरून फिरतं आणि पत्रात जसंच्या तसं उतरतं. कलम ४३ मध्ये दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे खरं. पण तो दंड आहे, तुमच्या खिशात येणारी रक्कम नाही. तुम्हाला मिळू शकते ती भरपाई, कलम ५७ खाली, आयोगानं ठरवलेल्या दरानं. दोन्हींची खिचडी केली की वाचणारा अधिकारी ओळखतो, हा ऐकीव माहितीवर बोलतोय. म्हणून मी पत्रात रक्कम लिहीतच नाही, 'मानकांनुसार देय भरपाई' एवढंच लिहितो.

आवक शिक्क्याशिवाय पत्र देणं

वायरमनच्या हाती दिलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बाहेर थांबा, मीही थांबतो. अगदीच घेईनात तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या आहेत. ग्राहक क्रमांकाच्या जागी शेजाऱ्याचा क्रमांक लिहून विषय भरकटवू नका. तुमच्याकडे अजून अर्ज क्रमांकच आहे, शेजाऱ्याचा मीटर फक्त जागेची खूण म्हणून मजकुरात द्या. मूळ पावत्या कधीही जोडू नका. मुख्यमंत्र्यांपासून सरपंचापर्यंत बारा जणांना प्रत पाठवली की बाराही जण ती दुसऱ्याची जबाबदारी समजतात. आणि त्याच पत्रात गल्लीतला कमी दाब, लोंबकळणारी तार आणि गेल्या पावसाळ्यात जळालेला फ्रीज कोंबू नका, उत्तर फक्त तारेचं येईल.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र आणखी चढ्या आवाजात लिहिणारे असतात. चौथं स्मरणपत्र लिहिण्यात मला काही अर्थ वाटत नाही. एक स्मरणपत्र, मग सरळ वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. तिथे तुमची तारखांची उतरंड आणि शिक्क्याच्या प्रती हीच सगळी पुंजी असते.

मीटर भिंतीवर दिसताच सही करून देणं

हे शेवटी सांगतो, कारण मावसभाऊ इथेही फसता फसता वाचला. मेच्या पहिल्या आठवड्यात माणूस येऊन मीटर ठोकून गेला. सर्व्हिस वायर जोडलेली नव्हती. हातात एक छापील कागद दिला, 'माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' भाऊ खुशीत पेन काढत होता. मी म्हटलं, आधी बटण दाब. दिवा लागला नाही. त्या माणसानं कागद घडी करून खिशात घातला, "उद्या येतो" म्हणाला, आणि खरंच दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला. वायर पोलवर चढली, मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, मग भावानं सही केली. पण त्याआधी 'समाधानकारक' हा शब्द खोडून त्याजागी लिहिलं: वीजपुरवठा आज सुरू झाला. आणि खाली तारीख.