एक्झॉस्टवर एकामागे एक दोन एक्स्चेंजर: या चुका टाळा

गॅस इंजिनच्या एक्झॉस्टवर आधी स्टीम बनवणारा बॉयलर आणि त्याच्या मागे फीड वॉटर गरम करणारा इकॉनॉमायझर, ही जोडी आता बऱ्याच कारखान्यांत दिसते. गणित अवघड नाहीये, तरी दर वेळी कोणाची तरी एक्सेल शीट समोर येते आणि त्यात त्याच त्या चुका. म्हणून एकच उदाहरण घेऊन लिहून टाकतो, परत परत फोनवर सांगायचा कंटाळा आलाय.

उदाहरण असं. एक्झॉस्ट सेकंदाला 1.5 किलो, तापमान 430 अंश. गॅसची विशिष्ट उष्णता 1.1 धरा, म्हणजे गॅस एक अंशाने थंड झाला की 1.65 किलोवॅट मिळतात, याला मी गॅसचा कपॅसिटी रेट म्हणतो. बॉयलरचं प्रेशर 8 बार अ‍ॅब्सोल्यूट, तिथे पाणी 170 अंशाला उकळतं. बॉयलरचा U गुणिले A, म्हणजे दोन बाजूंत एका अंशाचा फरक असला की पलीकडे जाणारी उष्णता, 3.6 किलोवॅट प्रति अंश, इकॉनॉमायझरचा 1.05. फीड वॉटर 60 अंशाला येतं आणि इकॉनॉमायझरमध्ये गॅसच्या उलट दिशेने जातं. ब्लोडाउन आणि लॅगिंगमधून जाणारी उष्णता सध्या सोडून देऊ.

पहिली चूक, आणि हिच्यावर माझा खास राग आहे: दोघांची उष्णता वेगवेगळी काढून बेरीज मारणे. बॉयलरवाला त्याच्या कागदावर 430 अंशाचा गॅस धरून आकडा देतो, इकॉनॉमायझरवाला पण 430 धरूनच देतो कारण त्याला एन्क्वायरीत तेवढंच लिहून गेलेलं असतं, आणि प्रोजेक्टवाला दोन्ही कागद शेजारी ठेवून प्लस करतो. अरे पण 430 चा गॅस दुसऱ्यापर्यंत पोचतोच कुठे? पहिल्याने खाऊन उरलेलाच त्याला मिळणार. म्हणून मधलं तापमान आधी काढायचं, बाकी सगळं नंतर. बॉयलरमध्ये पाण्याचं तापमान बदलत नाही त्यामुळे इथे सूत्र एकदम सोपं आहे, NTU म्हणजे U गुणिले A भागिले कपॅसिटी रेट:

```
NTU  = 3.6 / 1.65 = 2.18
Tmid = 170 + (430 - 170) * exp(-2.18) = 199
Q1   = 1.65 * (430 - 199) = 380 kW
```

म्हणजे इकॉनॉमायझरला 199 चा गॅस मिळतो. काही जण इथे आत-बाहेरची सरासरी धरतात, "अंदाजे 290 असेल" म्हणून. नसतं. पहिला एक्स्चेंजर एकूण उष्णतेचा पाचातला चार भाग खातो, मग मधलं तापमान मध्यावर कसं येईल?

दुसरी चूक इकॉनॉमायझरमध्ये होते आणि ती हुशार लोक करतात. इफेक्टिव्हनेसची व्याख्या, म्हणजे जास्तीत जास्त शक्य उष्णतेतला किती भाग खरोखर मिळतो, पाठ असते, 0.67 आकडा पण हातात असतो, आणि तो गुणला जातो गॅसच्या कपॅसिटी रेटला, कारण बॉयलरमध्ये तसंच केलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. बॉयलरमध्ये चालतं, कारण उकळणाऱ्या पाण्याची बाजू अमर्याद मोठी धरतात. इकॉनॉमायझरमध्ये पाणी म्हणजे फक्त जेवढी स्टीम बनते तेवढंच, सेकंदाला जेमतेम 0.18 किलो, त्याचा कपॅसिटी रेट 0.76. गॅसच्या निम्म्याहून कमी! इफेक्टिव्हनेस गुणायचा असतो दोघांतल्या लहानाला. गॅसचा 1.65 धरला तर 0.67 × 1.65 × 139 म्हणजे 154 किलोवॅट येतात आणि चिमणीचं तापमान 106, शीट बघून साहेब खूश. फक्त कोणीतरी पाणी किती तापलं ते पण काढायचं ना! 154 किलोवॅट 0.76 ने भागा, 60 मध्ये मिळवा, 263 अंश. 170 ला उकळणाऱ्या प्रेशरला 263 अंशाचं पाणी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण घाईत असलेल्या माणसाला अर्धं मिनिट फार मोठं वाटतं. माझी सवय साधी आहे: कुठलंही उत्तर आलं की दुसऱ्या बाजूचं तापमान काढून बघायचं, त्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचंच नाही.

बरोबर कसं करायचं? इथे एक गोल फिरतं. स्टीम किती बनेल हे इकॉनॉमायझरमधून पाणी किती तापून येतं त्यावर अवलंबून, आणि पाणी किती तापेल हे स्टीम किती (म्हणजे पाणी किती) त्यावर. तर अंदाजाने सुरुवात करा. पाणी 130 ला बाहेर येतं समजू, मग 380 किलोवॅटमध्ये सेकंदाला 0.171 किलो स्टीम. तेवढ्या पाण्यावर इकॉनॉमायझर सोडवला की पाणी 156 ला बाहेर येतं. आता 156 धरून स्टीम परत काढा, थोडी वाढते, 0.18 होते, आणि पाणी 154 च्या आसपास येऊन थांबतं. परत फिरवलं तरी हलत नाही. दोन-तीन फेऱ्यांचं काम आहे, गोल सीक लावायची पण गरज नाही, पण लोक पहिल्या फेरीलाच थांबतात आणि वर विचारतात की बॅलन्स का जुळत नाही.

शेवटी इकॉनॉमायझरमध्ये 71 किलोवॅट, गॅस बाहेर 156 अंशाला, एकूण साधारण 452 किलोवॅट, स्टीम तासाला 645 किलो. एकूण आकडा तपासायचा तर मधलं सगळं विसरा: 0.1794 किलो पाणी 60 अंशावरून 8 बारची कोरडी स्टीम व्हायला लागणारे किलोला 2518 किलोज्यूल, गुणा, 452 येतात. आणि गॅसच्या बाजूने 1.65 × (430 − 156), तेच. दोन्ही बाजू जुळल्या तर शीट पुढे पाठवा, नाहीतर नको.

आता मधल्या तापमानाचं खरं महाभारत. एका कारखान्यात (नाव नको) अशीच जोडी होती, आणि बॉयलरभोवती बायपास डक्ट होता जो इकॉनॉमायझरच्या आधी परत मुख्य डक्टला मिळायचा. तक्रार आली की इकॉनॉमायझरमध्ये ठकठक आवाज येतो, पाइप हादरतात, स्टीम पण कमी झालीये. सगळ्यांनी इकॉनॉमायझरलाच धरलं. फीड पंप बघितला, सपोर्ट घट्ट केले. मग कोणीतरी मधला थर्मोकपल वाचला, नेहमी 200 दाखवणारा 230 दाखवत होता, लगेच निकाल लागला की बॉयलरच्या ट्यूबमध्ये काजळी साचली. शटडाउन घेऊन ट्यूब घासल्या. बऱ्यापैकी स्वच्छच निघाल्या. चालू केलं, परत 230, परत ठकठक.

दोष होता बायपास डँपरचा. पाकळी पूर्ण बसत नव्हती आणि कंट्रोल रूममध्ये मात्र "बंद" दिसायचं, कारण तो सिग्नल अ‍ॅक्च्युएटरचा असतो, पाकळीचा नाही. आकडे आपल्या उदाहरणाशी जुळवून सांगतो. 15 टक्के गॅस बायपासमधून गेला तर बॉयलरमधून कमी गॅस जातो, तो जास्त निवतो, ट्यूबमधून 195 ला बाहेर येतो (वेग कमी झाला की U पण घसरतो, म्हणून फार खाली जात नाही). मग त्यात 430 चा गळका गॅस मिसळतो आणि थर्मोकपलला 230 दिसतं. बॉयलरचे 380 चे 329 किलोवॅट झाले, स्टीम कमी, म्हणजे इकॉनॉमायझरमधून पाणी पण कमी, आणि त्याच वेळी त्याच्यावर येणारा गॅस 30 अंशाने जास्त गरम. हिशोब केला तर पाणी 180 च्या पुढे जायला बघतं, म्हणजे ते इकॉनॉमायझरमध्येच उकळायला लागतं. तीच ठकठक. गंमत म्हणजे इकॉनॉमायझर पहिल्याने सोडलेलं थोडं परत उचलतो, त्यामुळे एकूण स्टीम बॉयलरच्या तोट्याइतकी पडत नाही आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये तोटा लपून राहतो.

काजळी आणि गळका डँपर, दोन्हीत मधलं तापमान वाढतं, मग ओळखायचं कसं? मिसळायच्या आधी, ट्यूबच्या तोंडाशीच, एक थर्मोकपल घाला. काजळी असेल तर तिथेच 230 दिसेल. डँपर गळत असेल तर तिथे 195 आणि पुढे 230, आणि गळती किती ते पण लगेच निघतं: (230 − 195) भागिले (430 − 195), 15 टक्के. दुसरी खूण प्रेशर ड्रॉपची. काजळीने गॅसच्या बाजूचा ड्रॉप वाढतो, बायपासने कमी होतो. साधा यू-ट्यूब मॅनोमीटर लावला असता तर ट्यूब घासायचा खर्च वाचला असता, पण पाण्याची नळी लावायला आजकाल कमीपणा वाटतो.

मधल्या डक्टमध्ये एकच थर्मोकपल भिंतीजवळ खुपसून "मोजलं" म्हणणाऱ्यांनाही हेच. मोठ्या डक्टमध्ये गॅस थरांनी वाहतो, आणि समोर थंड ट्यूब दिसत असतील तर थर्मोकपल त्यांच्याकडे उष्णता फेकून खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. डक्टच्या रुंदीभर चार-पाच ठिकाणी वाचा, आणि तरी माझा जास्त विश्वास पाण्याच्या बाजूच्या हिशोबावर. पाण्याचा फ्लो मीटर आणि दोन तापमानं गॅसपेक्षा कितीतरी खरं बोलतात.

चिमणीचं तापमान 156 आहे म्हणजे गंजायची भीती नाही, हे पण चूक. ट्यूबचा धातू गॅसच्या नाही, पाण्याच्या जवळ राहतो, थंड टोकाला 65-70 अंशच. आपलं इंजिन नॅचरल गॅसवर आहे म्हणून 60 चं पाणी चाललं. हाच इकॉनॉमायझर फर्नेस ऑइलच्या एक्झॉस्टवर लावला तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड साधारण 120 ते 140 अंशालाच धातूवर जमायला लागतं, तिथे पाणी आधी गरम करून आणा नाहीतर वर्षाला ट्यूब बदला.

विशिष्ट उष्णता हवेची म्हणून 1.005 ठोकली तर बॉयलरचे 380 चे साधारण 356 होतात. छोटी चूक, पण खरेदीच्या वेळी भांडण लावते.

आणि इंजिनच्या कागदावर फ्लो घनमीटरमध्ये असेल तर तो नॉर्मल घनमीटर आहे की 430 अंशाचा, हे आधी विचारा. दोघांत अडीच पटीचा फरक आहे. एन्क्वायरीत फक्त "घनमीटर प्रति तास" लिहिणाऱ्याला मी उत्तरच देत नाही, कागद परत पाठवतो.