छोट्या क्रिएटरला फुकट सॅम्पल पाठवायचंय? आधी मेसेज नीट लिहा

सॅम्पल पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: समोरच्याने काहीच पोस्ट केलं नाही तर मला राग येईल का? येणार असेल तर तुम्हाला गिफ्ट द्यायचंच नाहीये, तुम्हाला जाहिरात हवीय, मग सरळ पैसे द्या किंवा बार्टर आहे असं स्पष्ट सांगून "ही वस्तू आणि त्या बदल्यात एक रील" असं लिखित ठरवा. दोन्ही चांगलेच प्रकार आहेत. घोळ होतो तो नाव गिफ्टचं आणि मनात हिशोब बार्टरचा असला की. खर्चही त्याच हिशोबाने धरा, वस्तू, पॅकिंग आणि कुरिअर मिळून जे होईल ते गेलंच असं समजायचं, त्यातून दोघातिघांनी पोस्ट केली तर बोनस.

क्रिएटर निवडायला फार वेळ घालवू नका. फॉलोअर किती ते नंतर बघा, आधी कमेंट वाचा. खाली लोक खरे प्रश्न विचारतायत आणि तो माणूस उत्तरं देतोय, असं असेल तर तीन-चार हजारवालाही पुरतो. नुसत्या टाळ्या आणि आगीच्या इमोजी असतील तर पुढे चला.

आता मेसेज. सगळी गडबड इथेच होते आणि याबद्दल जे सल्ले फिरतात ते बहुतेक बेकार आहेत. नेहमीचा मेसेज असा असतो: "हाय डिअर, तुमचं कंटेंट खूप आवडलं, कोलॅब करायला आवडेल का?" हे वाचून समोरचीला वाटतं पैसे मिळणार, ती रेट पाठवते, मग तुम्ही म्हणता "नाही म्हणजे सध्या बजेट नाही, पण प्रॉडक्ट देऊ", आणि तिचा मूड तिथेच जातो. चूक तिची नाहीये. पैसे नाहीत हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगायचं, तिने विचारायची वाट बघायची नाही.

दुसरी युक्ती याहून वाईट. "पोस्ट करायचं काहीच बंधन नाही, पण एक रील आणि दोन स्टोरी टाकल्यात तर खूप आनंद होईल." या वाक्यातला पहिला अर्धा भाग "पण" आला की मेला. वाचणाऱ्याला आकडे दिसतात, एक आणि दोन, म्हणजे तिला काम दिलंय हे तिला बरोबर कळतं. बंधन नाही असं लिहायचं असेल तर तिथे पूर्णविराम द्या. हॅशटॅगची यादी नको, तारीख नको, "पोस्ट करायच्या आधी आम्हाला दाखवा" तर अजिबातच नको, फुकट वस्तू देऊन मंजुरीचा हक्क मिळत नाही.

समजा तुम्ही बिनवासाचं फेस क्रीम बनवता आणि संवेदनशील त्वचेबद्दल व्हिडिओ करणारी, चार हजार फॉलोअर असलेली एक क्रिएटर तुम्हाला सापडलीय. मी तिला साधारण असं लिहीन:

"नमस्कार, सुगंध असलेली क्रीम तुम्ही का टाळता यावरचा तुमचा व्हिडिओ बघितला. आम्ही बिनवासाचं फेस क्रीम बनवतो आणि एक पूर्ण साइझची ट्यूब तुम्हाला पाठवावी असं वाटलं. यात पेमेंट नाही आणि पोस्ट करायची अटही नाही. आवडलं नाही तर तसंच बाजूला ठेवा. पुढे कधी याबद्दल बोललात, चांगलं किंवा वाईट, तर फुकट मिळालंय एवढं मात्र सांगा. घटकांची पूर्ण यादी खाली देतेय, ती बघून हवं असेल तर कळवा, नको असेल तर उत्तर नाही दिलंत तरी हरकत नाही."

यात मुद्दाम काय केलंय ते बघा. कुठला व्हिडिओ बघितला ते लिहिलंय, त्यामुळे हा सगळ्यांना चिकटवलेला मेसेज नाही हे कळतं. घटकांची यादी आधीच दिलीय, कारण त्वचेला लावायची किंवा खायची वस्तू न विचारता पाठवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, कुणाला कशाची अॅलर्जी असेल सांगता येत नाही. आणि पत्ता अजून मागितलेला नाही. अनोळखी माणसाने पहिल्याच मेसेजमध्ये घरचा पत्ता मागितला तर तुम्ही द्याल का? ती हो म्हणाली की मगच मागा, आणि तो फक्त या पार्सलसाठी वापरा.

तिचं उत्तर आलं, "पेमेंट किती देता?" घाबरू नका आणि ताणूही नका. "या वेळी पेमेंट नाही, फक्त सॅम्पल आहे. तुमचा रेट पाठवून ठेवा, पैसे देऊन काही करायचं ठरलं तर नक्की संपर्क करू." एवढंच. "तुम्हाला एक्सपोजर मिळेल" हे वाक्य तोंडातून काढू नका, चार हजार लोक तिच्याकडे आहेत, एक्सपोजर तुम्हाला हवंय. आणि रेटबद्दल लिहिलंत ते खरंच मनात असेल तरच लिहा, पुढच्या कामाचं गाजर दाखवून आजचं काम फुकट काढून घ्यायची सवय सगळ्या क्रिएटरना पाठ झालीय.

पार्सलमध्ये वापरायची पद्धत आणि "पोस्ट करायची अट नाही" असं लिहिलेली छोटी चिठ्ठी टाका. परदेशात पाठवत असाल तर कस्टम ड्युटी तुम्ही भरा, फुकट वस्तूसाठी दारात पैसे भरायला लागले तर काय शिव्या पडतील ते वेगळं सांगायला नको.

पोचलं की एकच मेसेज: "मिळालं का, फुटलं-सांडलं नाही ना?" त्यानंतर गप्प. "वापरून बघितलंत का" हा प्रश्नसुद्धा तगादाच असतो, गोड भाषेतला. शिवाय क्रीमबद्दल प्रामाणिकपणे काही सांगायला तीन-चार आठवडे तरी वापरावं लागतं, पार्सल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला कौतुकाचा व्हिडिओ तिच्या कमेंटवाल्या लोकांनाही पटत नाही.

पोस्ट आली तर बघा की फुकट मिळाल्याचं ठळक सांगितलंय का, कॅप्शनच्या सुरुवातीला किंवा व्हिडिओत बोलून. तीस हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवलेलं चालत नाही. बऱ्याच देशांत पैसे न घेता मिळालेली वस्तूसुद्धा जाहीर करावी लागते, आणि जबाबदारी ब्रँडवरही येऊ शकते. राहिलं असेल तर तिला नम्रपणे टाकायला सांगा, गिफ्ट दिल्यावर हक्काने मागावी अशी ही एकमेव गोष्ट आहे.

ती म्हणाली क्रीम चिकट वाटलं, तर काढायला सांगू नका. माहितीची चूक असेल, म्हणजे तिने रात्रीचं क्रीम दिवसा लावलं वगैरे, तर कमेंटमध्ये सगळ्यांसमोर सांगा. मत असेल तर धन्यवाद म्हणा आणि पुढच्या बॅचला लक्षात ठेवा.

तिचा व्हिडिओ छान झाला म्हणून उचलून आपल्या पेजवर टाकायचा नाही, आधी विचारायचं, कुठे आणि किती दिवस वापरणार ते सांगून. जाहिरातीत चालवायचा असेल तर तिथे सॅम्पलचा विषय संपला, तिने पाठवलेला रेट उघडा आणि किती व्हिडिओ, किती महिने, कुठल्या प्लॅटफॉर्मवर हे लिहून पैसे द्या.