प्रॉडक्शन आउटेजचा प्रसंग सांगताना या चुका टाळा

क्लाउड-डेव्हऑप्सच्या मुलाखतीत पाइपलाइनचे टप्पे बहुतेकांना पाठ असतात. बिल्ड, टेस्ट, स्टेजिंग, प्रॉडक्शन, सगळं धडाधड सांगतात. मग प्रश्न येतो, "प्रॉडक्शन बंद पडलं होतं असा एखादा प्रसंग सांगा," आणि तिथे गाडी अडते. पणजी-पर्वरीत मी या मुलाखती घेतो. फोंडा, म्हापसा, मडगाव, अगदी सावंतवाडीहूनही मुलं-मुली येतात. काम त्यांनी खरोखर केलेलं असतं, पण सांगताना नेमकं तेच गळून जातं. सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं:

"सर, सर्व्हर डाउन झाला होता. आम्ही रिस्टार्ट केला, मग चालू झालं."

या उत्तरात काय राहून जातं ते एका प्रसंगावरून पाहू.

समजा, हॉटेल बुकिंगची एक सेवा आहे. कुबरनेटीजवर तिचे चार पॉड चालतात आणि मागे पोस्टग्रेस आहे. डिसेंबरचा सीझन, शुक्रवारची संध्याकाळ. दुपारी एक रिलीज गेलेला असतो आणि त्यात प्रत्येक पॉडचा डेटाबेस कनेक्शन पूल 10 वरून 30 केलेला असतो, कारण गर्दीच्या वेळी पानं हळू उघडतात अशी तक्रार होती. पाइपलाइन हिरवी, स्टेजिंग हिरवं. संध्याकाळी कळंगुटच्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवरून फोन येतो: बुकिंग कधी होतं, कधी नुसतं फिरत राहतं.

आता हिशेब करा. पोस्टग्रेसमध्ये `max_connections` मुळात 100 असतं आणि त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव असतात. अॅप्लिकेशनला उरली 97. जुन्या सेटिंगवर चार पॉड मिळून फार तर 40 कनेक्शन घेत होते, नव्या सेटिंगवर त्यांना 120 हवीत. स्टेजिंगला एकच पॉड, म्हणजे 30, म्हणून तिथे काही दिसलंच नाही. दुपारी गर्दी नव्हती तोवर पूल भरले नाहीत. संध्याकाळी तीन पॉडनी 30-30 घेतली आणि चौथ्याच्या वाट्याला 7 आली. त्या पॉडकडे गेलेल्या रिक्वेस्ट कनेक्शनची वाट पाहत ताटकळतात. बाकीच्या व्यवस्थित जातात, म्हणून "कधी होतं, कधी नाही".

पहिली चूक: रिस्टार्टला उपाय म्हणणं

या प्रसंगात पॉड रिस्टार्ट केला तर खरंच बरं वाटतं. त्याची कनेक्शन सुटतात, सगळ्यांना थोडी मोकळीक मिळते आणि पूल पुन्हा भरेपर्यंत सेवा नीट चालते. मग तेच परत सुरू होतं. म्हणून "रिस्टार्ट केलं, चालू झालं" एवढ्यावर थांबलात की समोरचा लगेच विचारतो, "परत बंद पडलं का? किती वेळाने?" याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. रिस्टार्ट करण्यात गैर काही नाही, पण ते ग्राहकाला तात्पुरता दिलासा म्हणून केलं की कारण सापडलं म्हणून केलं, हे वेगळं करून सांगा.

दुसरी चूक: कारणापासून सुरुवात करणं

"कनेक्शन पूल संपला होता, तो आम्ही कमी केला." हे बरोबर आहे, पण हे तुम्हाला शेवटी कळलेलं आहे. मला ऐकायचं असतं ते त्याआधीचं: पहिल्यांदा काय दिसलं, कोणता संशय आला आणि तो कशाने खोटा ठरला. या प्रसंगात सीपीयू आणि मेमरीचे आलेख शांत असतात, कारण थ्रेड नुसते वाट पाहत असतात. रिस्पॉन्स टाइमचा मीडियन किंचितच हलतो. पी-95 मात्र वर गेलेला दिसतो. `/health` 200 देत राहतो, कारण तो डेटाबेसला हातच लावत नाही, आणि त्यामुळे अडकलेल्या पॉडकडेही ट्रॅफिक जात राहतो. लॉगमध्ये `remaining connection slots are reserved` ही ओळ दिसली की दिशा मिळते. पुढे ही एक क्वेरी:

```sql
SELECT client_addr, state, count(*)
FROM pg_stat_activity
GROUP BY 1, 2;
```

प्रत्येक पत्त्याच्या ओळींची बेरीज केली की तीन पत्त्यांसमोर 30 आणि एकासमोर 7. बहुतेक कनेक्शन `idle` म्हणजे नुसती धरून ठेवलेली. हा क्षण नीट सांगा. इथे सांगणाऱ्याने स्वतः स्क्रीन पाहिली होती की नाही ते कळतं. वेळाही सांगा, अंदाजे चालतील: फोन कधी आला, संशय रिलीजवर कधी गेला, सेवा पूर्ववत कधी झाली. अलर्ट आला नव्हता, ग्राहकाने कळवलं, हे लपवू नका. ते लपवलं तर मॉनिटरिंगवरच्या पुढच्या प्रश्नात अडकायला होतं.

तिसरी चूक: "रोलबॅक केला" एवढंच म्हणणं

इथे मी हमखास थांबवतो. रोलबॅक कशाचा? `kubectl rollout undo deployment/booking` ही कमांड पॉड टेम्प्लेट मागच्या आवृत्तीवर नेते. पूलचा आकडा कॉन्फिगमॅपमध्ये असेल तर तो या कमांडने बदलत नाही. जुनी इमेज नवा आकडा वाचून उठते आणि आजार तसाच राहतो. आर्गो सीडीसारखं साधन गिटवरून सेटिंग लावत असेल आणि त्यात सेल्फ-हील चालू असेल, तर हाताने केलेला बदल ते परत फिरवतं; तिथे गिटमध्ये रिव्हर्ट करणं हाच मार्ग. रिलीजबरोबर डेटाबेस मायग्रेशन गेलं असेल तर जुना कोड नव्या टेबलवर चालेल का, हा आणखी एक प्रश्न. तुमच्याकडे यातलं काय होतं ते आठवून ठेवा. "डेव्हलपरने चुकीचा आकडा टाकला" असं म्हणून सुटू नका. तो आकडा पाइपलाइनमधून बिनबोभाट पुढे गेला आणि पाइपलाइन तुमच्याकडे होती. आणि सतत "आम्ही" म्हणू नका. क्वेरी तुम्ही चालवलीत की सीनियरने, ते स्पष्ट सांगा. बाजूला बसून नुसत्या नोंदी घेतल्या असतील तर तसं सांगा, त्याने गुण कमी होत नाहीत.

चौथी चूक: "मॉनिटरिंग वाढवलं"

परत होऊ नये म्हणून काय केलं, याचं हे ठरलेलं उत्तर. कशाचं मॉनिटरिंग? प्रोमेथियस आणि पोस्टग्रेसचा एक्स्पोर्टर असेल तर या प्रसंगाचा अलर्ट एवढा छोटा आहे:

```
sum(pg_stat_database_numbackends)
  / max(pg_settings_max_connections) > 0.8
```

पाच मिनिटं टिकला तर वाजू दे. पण हा अलर्ट फक्त लवकर कळवतो. चूक पुढे जाऊ नये म्हणून पाइपलाइनमध्ये तपासणी हवी: जास्तीत जास्त पॉड गुणिले पूलचा आकार 97 च्या आत बसतो का, नसेल तर रिलीज थांबवा. "जास्तीत जास्त" म्हणताना ऑटोस्केलरची वरची मर्यादा धरा, आणि रोलिंग अपडेटच्या वेळी जुने-नवे पॉड काही काळ एकत्र असतात तेही धरा. स्टेजिंगला किमान दोन पॉड ठेवले तर प्रत्येक पॉडमागे किती कनेक्शन लागतात हेही आधीच दिसतं.

"मग `max_connections` 500 का नाही केलं?" असंही विचारतील. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उघडतो, तिला मेमरी लागते, आणि हा आकडा बदलायला डेटाबेस रिस्टार्ट करावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी, सीझनमध्ये, ते परवडणारं नव्हतं. पॉड खूपच वाढणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूलर ठेवतात.

हेल्थ चेकबद्दल बोलताना एक सांभाळा. "आता `/health` मध्ये डेटाबेसही तपासतो" असं म्हणालात तर तो कोणता प्रोब, असं विचारलं जाईल. लाइव्हनेसमध्ये ती तपासणी घातली आणि डेटाबेस मिनिटभर अडखळला, तर कुबरनेटीज चारही पॉड एकामागोमाग रिस्टार्ट करत बसेल. ती जागा रेडिनेसची, आणि तिथेही डेटाबेस सगळ्यांचा एकच असल्यामुळे सगळे पॉड एकदम ट्रॅफिकमधून बाहेर पडू शकतात.