टोमॅटोचं सार आंबट झालंय? गूळ घालताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून लांब पाठवायचा टोमॅटो पूर्ण पिकायच्या आधीच तोडतात. क्रेटमध्ये तो लाल होतो, पण झाडावर पिकलेल्या फळाची गोडी त्याला येत नाही. नाशिकमध्ये घरी आणलेला लालबुंद टोमॅटो असा निघाला की सार हमखास आंबट होतं.

गुळाने आंबटपणा कमी होतो, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात टोमॅटोतलं सायट्रिक आणि मॅलिक आम्ल जिथल्या तिथेच राहतं. गोड आणि आंबट एकत्र जिभेवर आले की एकमेकांना दाबतात, एवढंच. आम्ल खरोखर मारतो तो खायचा सोडा. पण त्याने सार फेसाळतं आणि जरा जास्त पडला तर साबणासारखं लागतं. सारात सोडा नकोच.

सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. सार उकळण्याआधीच गूळ घातला की नंतर पाणी आटतं आणि आंबट, गोड, खारट सगळंच गडद होतं. तेव्हा चव पाहून घातलेलं प्रमाण आता जुळत नाही. शिवाय कच्चट वास आणि आंबटपणा यात गल्लत होते. कच्चटपणा शिजवल्यावर जातो, गुळाने नाही. मीठ कमी असेल तरी गोडी नीट उठत नाही, म्हणून आधी मीठ बरोबर करावं.

आता प्रमाण. अर्धा किलो टोमॅटोत स्वतःचीच साखर साधारण बारा-तेरा ग्रॅम असते. आंबट सारात चिमूटभर साखर टाका, असं सांगतात, पण एवढ्यात जेमतेम अर्धा ग्रॅम साखर टाकून काय कळणार? चिमूट एका वाटीला ठीक. अर्धा किलोचं सार असेल तर टोमॅटो उकडून, गाळून, दीड-दोन वाट्या पाणी घालून, जिरं-कढीपत्त्याची फोडणी देऊन पाच-सात मिनिटं उकळू द्या. मीठ पाहा. मग किसलेला गूळ सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम घाला, विरघळू द्या आणि चमचाभर सार बशीत जरा निववून चाखा. उकळत्या घोटाने जीभ भाजते, चव कळत नाही. अजून टोचतंय? पुन्हा तेवढाच घाला. एक चमचा झाला की थांबा. गोडी वेगळी जाणवली तर समजा, प्रमाण ओलांडलं.

गोड झालंच तर लिंबू पिळू नका, आंबटगोड पाक होतो. एखादा टोमॅटो उकडून गाळून घाला, थोडं पाणी वाढवा आणि मीठ पुन्हा पाहा.

सारात नारळाचं दूध घालणार असाल तर ते गॅस बंद करून शेवटी घाला, नाहीतर आम्लाने फाटतं. त्यालाही थोडी गोडी असतेच, म्हणून गूळ अर्ध्यावर आणा. साखर वापरली तरी वजनाने प्रमाण साधारण तेच. गुळाने रंग थोडा गडद होतो आणि भाजकट वास येतो, जो सारापेक्षा टोमॅटोच्या चटणीत जास्त शोभतो.